रेखांकनाची कॅड फाइल भूखंडांच्या लेयरवर बसवताना कोपरे जुळत नाहीत

रेखांश

नमस्कार. एका निवासी रेखांकनाची डीडब्ल्यूजी फाइल माझ्याकडे आली आहे आणि ती भूखंडांच्या लेयरवर बसवायची आहे. फाइल डीएक्सएफमध्ये साठवून क्यूजीआयएसमध्ये उघडली, तेव्हा तिला निर्देशांक प्रणालीच नव्हती. आमची भूखंडांची लेयर EPSG:32643 मध्ये असल्यामुळे `Set Layer CRS` वापरून मी तीच प्रणाली दिली. त्याबरोबर संपूर्ण रेखांकन विषुववृत्तालगत समुद्रात जाऊन पडले, कारण फाइलमधले दोन्ही निर्देशांक ५००० च्या आसपासचे आहेत.

त्यानंतर `Georeferencer` मध्ये बाह्य हद्दीचे चार कोपरे दोन्हीकडे दाखवले आणि `Polynomial 1` ही पद्धत निवडली. चारही कोपऱ्यांवर शेष फरक ०.८५ ते ०.८८ मीटर येतो. हद्द नजरेला ठीक बसलेली दिसते, परंतु आतला २० × १५ मीटरचा एक भूखंड मोजला तर तो १९.८७ × १४.९९ भरतो, त्याचा काटकोन सुमारे पाव अंशाने बिघडलेला आहे आणि क्षेत्रफळ ३०० ऐवजी २९८ चौरस मीटरच्या जवळ येते. भूखंडांची लेयर जुन्या कागदी नकाशावरून गिरवलेली नाही. ती अलीकडच्या मोजणीतून तयार झाली असून हद्दखुणांचे निर्देशांक जीएनएसएसने घेतलेले आहेत, त्यामुळे फरक काही सेंटिमीटरांचाच असावा अशी अपेक्षा होती.

निर्देशांक प्रणाली देऊनही रेखांकन जागेवर का आले नाही, आणि हा पाऊण मीटरहून मोठा फरक कोणाचा मानायचा, रेखांकनाचा की भूखंडांच्या लेयरचा?

टोटल_स्टेशन

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. मोजणी करणाऱ्याने पहिल्या स्थानकाला ५०००, ५००० असे मानीव निर्देशांक देऊन काम सुरू केलेले असणार. ही पद्धत सर्रास वापरली जाते, कारण त्यामुळे जागेवर कुठेही ऋण आकडे येत नाहीत. अशा आकड्यांना कोणतीही प्रणाली दिली तरी ते पृथ्वीवर योग्य ठिकाणी येणार नाहीत.

दुसऱ्यासाठी माझा सल्ला असा, की रस्त्याच्या वळणावरचे आणखी काही बिंदू घ्या आणि `Polynomial 2` किंवा `Thin Plate Spline` वापरा. `Polynomial 2` ला किमान सहा बिंदू लागतात, तेवढे घेतले की फरक शून्यावर येईल. मी नेहमी असेच करतो.

हद्दखूण

टोटल_स्टेशन यांच्या उत्तराचा पहिला भाग अगदी बरोबर आहे, त्यात एवढीच भर घालतो. `Set Layer CRS` ही आज्ञा एकही आकडा बदलत नाही. हे आकडे अमुक प्रणालीतले आहेत असे ती केवळ जाहीर करते. `ogr2ogr` मध्ये हाच भेद `-a_srs` आणि `-t_srs` यांच्यात आहे: पहिला पर्याय प्रणालीचे नाव लावतो, दुसरा आकडे एका प्रणालीतून दुसरीत नेतो. मानीव निर्देशांकांच्या बाबतीत यांपैकी कशानेच काम होत नाही. आधी रेखांकन सरकवून आणि फिरवून खऱ्या जागी आणायचे आणि त्यानंतरच नाव लावायचे.

```
ogr2ogr -f GPKG layout_utm.gpkg layout_moved.gpkg -a_srs EPSG:32643
```

दुसऱ्या भागाशी मात्र मी सहमत नाही. सहा बिंदूंवर `Polynomial 2` बसवली, की फरक शून्य येणारच, मग बिंदू बरोबर असोत वा चूक. जितके अज्ञात तितकीच समीकरणे असल्यावर चूक दिसायला जागाच उरत नाही. रेखांकन वाकते, रस्त्यांची रुंदी ठिकठिकाणी बदलते, आणि तक्त्यात मात्र सगळे निर्दोष दिसते. ज्या आरेखनातले प्रत्येक अंतर जागेवर मोजलेले आहे त्याला वाकवण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्याला सरकवता येते, फिरवता येते, आणि सर्व दिशांना सारख्या प्रमाणात किंचित लहानमोठे करता येते. या तीन गोष्टी करणारी पद्धत `Helmert` आहे.

रेखांश, तुमच्या चारही कोपऱ्यांवर फरक जवळपास सारखाच आला, यातच एक खूण आहे. `Polynomial 1` मध्ये सहा अज्ञात असतात आणि चार बिंदूंपासून आठ समीकरणे मिळतात. जवळपास आयताकृती हद्दीच्या चार कोपऱ्यांवर ही पद्धत वापरली, की एकाच कोपऱ्यातली चूक चौघांवर सारखी वाटली जाते, एकाआड एक दिशा उलटून. ०.८५ ची चौपट ३.४ होते. म्हणजे एखादा कोपरा साधारण ३.४ मीटरने चुकीचा असू शकतो आणि बाकीचे तीन अगदी अचूक असू शकतात. तुमच्या तक्त्यातून तो कोपरा कोणता हे मात्र कळणार नाही.

म्हणून काही काळ जुळवणी बाजूला ठेवा. चार कोपऱ्यांमधली सहा अंतरे, म्हणजे चार बाजू आणि दोन कर्ण, दोन्ही लेयरमध्ये स्वतंत्रपणे मोजून इथे द्या. जागेची उंची आणि ईस्टिंग साधारण किती आहे तेही सांगा. एक सावधगिरी बाळगा: क्यूजीआयएसच्या अंतर मोजण्याच्या साधनात `Cartesian` निवडा, कारण `Ellipsoidal` पर्यायाने येणारी अंतरे निर्देशांकांतून थेट निघणाऱ्या अंतरांपेक्षा थोडी वेगळी असतात.

मिलीमीटर

हा एककांचाच घोळ आहे. वास्तुविशारद मिलीमीटरमध्ये काढतात. फाइलमधले `INSUNITS` पाहा, ४ असेल तर मिलीमीटर, ६ असेल तर मीटर. रेखांकनाला ०.००१ ने गुणले की प्रश्न मिटेल.

हद्दखूण

`INSUNITS` तपासण्याची सवय चांगलीच आहे, पण ते केवळ फाइलमध्ये लिहिलेले एक मूल्य आहे आणि आरेखन प्रत्यक्षात त्याच एककात काढले असेल याची खात्री ते देत नाही. खरी कसोटी माहीत असलेले एक अंतर मोजण्याची. एककांचा घोळ असता तर २० मीटरची बाजू २०००० भरली असती, फुटांचा असता तर ६५.६ भरली असती. इथे ती १९.८७ आहे. फरक हजारपटींचा नसून अर्ध्या टक्क्याच्या आसपासचा आहे, त्यामुळे कारण वेगळीकडे शोधायला हवे.

रेखांश

सविस्तर उत्तरांबद्दल आभारी आहे. कोपऱ्यांना वायव्येपासून घड्याळाच्या दिशेने क, ख, ग, घ अशी नावे दिली आहेत. आधी मूळ रेखांकनातले अंतर, नंतर भूखंडांच्या लेयरमधले, सर्व मीटरमध्ये.

कख: ४१२.६०, ४१२.४१
खग: २८३.०२, २७९.४७
गघ: ४०९.००, ४०८.८६
घक: २९२.००, २९१.८४
कग: ५०२.५४, ५००.३५
खघ: ५००.२५, ५००.०१

जागेची उंची सुमारे ५५० मीटर आहे आणि ईस्टिंग पाच लाखांच्या जवळ, म्हणजे पट्ट्याच्या मध्य रेखावृत्तालगत आहे.

हद्दखूण

या सहा आकड्यांतून जवळपास सगळेच उलगडते.

प्रथम हे पाहू की दोन्ही लेयर निर्दोष असत्या तरी त्यांच्यात किती फरक अपेक्षित होता. टोटल स्टेशनचे अंतर जमिनीवरचे असते. यूटीएममधले अंतर प्रक्षेपणाच्या प्रतलावरचे असते आणि मध्य रेखावृत्तावर ते ०.९९९६ पट लहान होते. शिवाय जमीन ५५० मीटर उंचीवर असल्यामुळे तिथले अंतर विवृत्ताभाच्या पृष्ठभागावर आणताना आणखी कमी होते. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरली तर तो गुणक ०.९९९९१ येतो. दोन्हींचा गुणाकार ०.९९९५१. म्हणजे पाचशे मीटरच्या कर्णात सुमारे २४ सेंटिमीटर कमी दिसणे ही चूक नव्हे, ते अपेक्षितच आहे.

आता गुणोत्तरे पाहा. कख ०.९९९५४, घक ०.९९९४५, खघ ०.९९९५२. क, ख, घ हा त्रिकोण अपेक्षित प्रमाणाशी दोन सेंटिमीटरांच्या आत जुळतो. खग मात्र ०.९८७, म्हणजे साडेतीन मीटर कमी, आणि कग दोन मीटरहून अधिक कमी. ज्या दोन अंतरांत मोठी तफावत आहे त्या दोन्हींत ग हा कोपरा आहे.

गघ हेही ग ला जोडलेले अंतर असून ते बरेच जुळते, याने गोंधळून जाऊ नका. ग जर खग या बाजूच्या दिशेने सरकला असेल, तर ते सरकणे गघ या बाजूला जवळपास काटकोनात होते, आणि काटकोनातल्या सरकण्याने लांबी फारशी बदलत नाही. केवळ चार बाजू मोजून थांबलो असतो तर दोष ख मध्ये आहे की ग मध्ये हे सांगता आले नसते. ते कर्णांनी सांगितले.

आता `Helmert` चालवून पाहा. चारही बिंदूंसह प्रमाण सुमारे ०.९९७६ येईल आणि फरक असमान असतील: ग वर सर्वाधिक, क वर जवळपास शून्य. नंतर तक्त्यातल्या ग समोरची खूण काढून तीनच बिंदू ठेवा. प्रमाण ०.९९९५ च्या जवळ आले तर निदान पक्के समजा. दोनच बिंदूंवर समाधान मानू नका, कारण `Helmert` चे चार अज्ञात दोन बिंदूंत पूर्ण सुटतात आणि फरक नेहमी शून्य दिसतो.

उत्तर_दिशा

माझ्याकडे थोडी वेगळी अडचण आहे, पण विषय हाच असल्यामुळे विचारतो. माझ्या रेखांकनात ऑटोकॅडमध्ये कर्सर नेला की खरे यूटीएम निर्देशांक दिसतात, मोजणीच्या यादीशीही जुळतात. तरीही क्यूजीआयएसमध्ये तेच आरेखन दुसरीकडे आणि तिरके उघडते. प्रणाली योग्य दिलेली आहे. यालाही `Helmert` लावावे का?

हद्दखूण

नको. तुमचे आरेखन बहुधा यूसीएसमध्ये आहे. कोणीतरी पडद्यावर सोयीचे आकडे दिसावेत म्हणून अक्ष फिरवलेले आणि सरकवलेले असतात. ऑटोकॅड त्या अक्षांनुसार आकडे दाखवते, जीआयएस मात्र फाइलमधले मूळ, म्हणजे वर्ल्ड प्रणालीतले आकडे वाचते. `UCS` आज्ञा देऊन `World` निवडा आणि मग `ID` ने एक कोपरा पाहा. क्यूजीआयएसमधलेच आकडे दिसले तर कारण हेच. अशा वेळी पुन्हा मूळ यूसीएस चालू करून `WBLOCK` ने सर्व आरेखन नव्या फाइलमध्ये काढा आणि आधारबिंदू 0,0 द्या. नव्या फाइलचे वर्ल्ड अक्ष त्या यूसीएसला समांतर होतात, त्यामुळे खरे निर्देशांक फाइलमध्येच उतरतात. तुमच्याकडे अचूक आकडे आधीच आहेत, ते अंदाजी जुळवणीने बिघडवू नका.

रेखांश

सांगितल्याप्रमाणे केले. चार बिंदूंवर `Helmert` ने ग ला १.७ मीटर, ख ला १.४, घ ला जवळपास १ आणि क ला एखादा सेंटिमीटर फरक दाखवला, प्रमाण ०.९९७६ आले. ग वगळल्यावर प्रमाण ०.९९९५२ झाले आणि तिन्ही बिंदूंवरचा फरक दोन सेंटिमीटरांच्या आत आला. त्या जुळवणीत रेखांकनाचा ग कोपरा भूखंडाच्या कोपऱ्यापासून दक्षिणेला ३.४ मीटर बाहेर पडतो.

मग लेयरमध्ये त्या जागी काय आहे ते बारकाईने पाहिले. दक्षिणेकडच्या रस्त्यालगत एक लांबट, निमुळता स्वतंत्र भूखंड आहे. घ पाशी त्याची रुंदी शून्य आहे आणि ग पाशी ३.४ मीटर, म्हणून लहान प्रमाणावर तो रस्त्याच्या रेषेतच लपून जात होता. त्याच्या बाहेरच्या टोकापासून ख पर्यंतचे अंतर २८२.८९ आणि क पर्यंतचे ५०२.२८ भरते.

हद्दखूण

२८३.०२ ला ०.९९९५१ ने गुणले तर २८२.८८ येतात आणि ५०२.५४ ला गुणले तर ५०२.२९. तेव्हा रेखांकनातला ग म्हणजे त्या पट्टीचे बाहेरचे टोक. मूळ जमिनीतून रस्त्यासाठी पट्टी वेगळी झाली असावी आणि रेखांकन त्याआधीच्या मोजणीवर आधारलेले असावे. त्या अर्थाने रेखांकन किंवा लेयर यांपैकी कोणीच चुकीचे नाही. दोन वेगळ्या काळांतल्या हद्दी आपण एकच समजून जोडत होतो. पट्टीचे बाहेरचे टोक चौथा बिंदू म्हणून घ्या, आता चारही जुळतील, आणि ही खरी स्वतंत्र पडताळणी होईल, कारण तो बिंदू जुळवणीत आधी वापरलेला नव्हता.

एक व्यवहारातली गोष्ट: ठरलेले सरकवणे, फिरवणे आणि प्रमाण रेखांकनाच्या प्रत्येक लेयरला तंतोतंत तेच लागले पाहिजे. भूखंडांच्या रेषा, रस्ते आणि क्रमांकांची अक्षरे वेगवेगळी जुळवली तर त्यांच्यात आपसांत बारीक फटी पडतात. एकदाच मूल्ये काढून `Affine transform` मध्ये सर्व लेयरना तीच द्या. तिथे आधी प्रमाण, मग फिरवणे, शेवटी सरकवणे असा क्रम असतो आणि सगळे मूळ बिंदूभोवती होते, हे आकडे भरताना लक्षात ठेवा.

टोटल_स्टेशन

निदान पटले. `Thin Plate Spline` ने ही पट्टी कायमची दडली असती हेही मान्य. पण प्रमाणाबाबत माझी हरकत आहे. जागेवर मोजलेल्या २० मीटरला १९.९९ करणे मला योग्य वाटत नाही. मंजूर आरेखनात जे अंतर आहे तेच टिकले पाहिजे. मी प्रमाण १ ठेवून फक्त सरकवले आणि फिरवले असते.

नियोजन_टेबल

मी मंजुरीच्या बाजूने काम करतो आणि क्षेत्रफळाच्या अंगाने हीच शंका मला नेहमी येते. रेखांश, जुळवणीनंतर त्या ३०० चौरस मीटरच्या भूखंडाचे क्षेत्रफळ किती येते?

रेखांश

`area(@geometry)` ने २९९.७१ आणि `$area` ने २९९.९५ येते. एकाच आकृतीची दोन उत्तरे का, हे मला स्पष्ट नाही.

हद्दखूण

`area(@geometry)` प्रक्षेपणाच्या प्रतलावर मोजते, म्हणून ०.९९९५१ चा वर्ग जसाच्या तसा लागतो आणि २९९.७१ येतात. `$area` प्रकल्पात निवडलेल्या विवृत्ताभावर मोजते, त्यामुळे ०.९९९६ चा परिणाम निघून जातो. जमिनीच्या उंचीचा परिणाम मात्र राहतो, कारण विवृत्ताभ ५५० मीटर खाली आहे. उरलेले पाच शतांश चौरस मीटर त्या उंचीचे आहेत.

टोटल_स्टेशन यांची हरकत मी हलकी समजत नाही. प्रमाण १ ठेवले तर भूखंडांची अंतरे टिकतात, पण कर्णाच्या दोन्ही टोकांना सुमारे १२ सेंटिमीटरांची तफावत उरते आणि शेजारच्या भूखंडांशी फट किंवा आच्छादन तयार होते. इतर भूखंडांशी सलग बसवायची लेयर असेल तर मी प्रमाण लावेन आणि मंजूर क्षेत्रफळ आकृतीवरून न मोजता स्वतंत्र रकान्यात मूळ आरेखनातून भरेन. एकट्या जागेवर बांधकामाची आखणी करायची असेल तर जमिनीवरच्या अंतरांचीच फाइल वापरेन.

नियोजन_टेबल

दोन रकाने ठेवले की दोन आकडे होतात, आणि तक्रार आली की कोणता ग्राह्य हे विचारले जाते. मंजूर आकडा कागदावरचा असतो हे खरे, परंतु उद्या कोणी लेयरवरून बेरीज केली तर ती एकूण क्षेत्राशी जुळणार नाही. यावर आमच्याकडे अजून एकमत नाही. किमान लेयरच्या माहितीत वापरलेले प्रमाण, फिरवण्याचा कोन आणि जुळवणीचे बिंदू लिहून ठेवा, म्हणजे पुढच्याला उलट दिशेने मूळ अंतरांपर्यंत जाता येईल.

टोटल_स्टेशन

तेवढे लिहिलेले असेल तर माझी अर्धी हरकत दूर होते. आखणीसाठी देण्याच्या फाइलवर मात्र मी ठाम आहे, तिच्यात प्रमाण लागता कामा नये.

रेखांश

पट्टीच्या बाहेरच्या टोकासह चार बिंदूंवर `Helmert` पुन्हा चालवले. प्रमाण ०.९९९५२ वरच राहिले आणि कोणत्याही बिंदूवर दोन सेंटिमीटरांहून अधिक फरक नाही. सर्व लेयर एकाच मूल्यांनी हलवल्या, त्यानंतर प्रणाली दिली, आणि प्रमाण, कोन व बिंदू माहितीत नोंदवले. प्रमाण न लावलेली फाइल आखणीसाठी वेगळी ठेवली आहे.

आता दक्षिणेच्या ओळीतले पूर्वेकडचे भूखंड त्या पट्टीवर आलेले स्पष्ट दिसतात. पट्टीचे एकूण क्षेत्र सुमारे ६९५ चौरस मीटर आहे. आच्छादनाचा भाग वेगळ्या लेयरमध्ये काढून तो रेखांकन करणाऱ्यांकडे पाठवत आहे. पट्टी वगळून रेखांकन सुधारायचे की नाही हे अभिलेख पाहून त्यांना आणि मंजुरी देणाऱ्यांना ठरवावे लागेल, तोवर मी भूखंडांच्या रेषांना हात लावणार नाही. क्षेत्रफळाच्या दोन रकान्यांबाबत कोणाकडे ठरलेली पद्धत असेल तर कृपया इथेच लिहावे.